संशोधक नेमकं काय विचारतोय?

२०१९ साली बीड जिल्हा एका अस्वस्थ करणाऱ्या कारणाने देशभर चर्चेत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक बायकांनी ऐन तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढून टाकलं आहे, अशा बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पट हे प्रमाण होतं.

‘किती’ या प्रश्नाचं उत्तर या आकड्याने दिलं. पुढचे प्रश्न मात्र मोजणीने सुटणारे नाहीत. अशा वेळी गुणात्मक संशोधन करायचं ठरतं, आणि तिथेच अनेकदा घोळ होतो. समजा, समाजकार्य, नर्सिंग आणि सार्वजनिक आरोग्य अशा तीन शाखांचे तीन विद्यार्थी याच विषयावर काम करायला निघाले. तिघांच्याही आराखड्यात एकच ओळ दिसण्याची शक्यता असते: ‘गुणात्मक पद्धत, वीस महिलांच्या सखोल मुलाखती’. ही ओळ वाचून त्यांना नेमकं काय शोधायचंय याचा काहीही पत्ता लागत नाही.

तिघांना बसवून नीट विचारलं, तर कदाचित तीन निराळे प्रश्न बाहेर येतील. पहिलीला जाणून घ्यायचंय, की पिशवी काढायचा निर्णय घडतो कसा. कोण काय बोलतं, कोण गप्प राहतं, गोष्ट कुठून सुरू होते आणि ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कशी पोचते. दुसरीला जाणून घ्यायचंय, की पिशवी काढल्यानंतर त्याच शरीराने फडात ऊस तोडणं, मोळी उचलणं हे त्या बाईला कसं अनुभवाला येतं. तिसऱ्याची नजर २०१९ नंतरच्या बदलावर आहे. खासगी दवाखान्यांनी गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं बंधन बीडमध्ये घातलं गेलं. ते एखाद्या तालुक्यात प्रत्यक्षात कसं राबवलं गेलं आणि त्याने जे बदललं ते का बदललं, हे त्याला शोधायचंय.

पहिला प्रश्न ग्राउंडेड थिअरीचा आहे, दुसरा फेनॉमेनॉलॉजीचा आणि तिसरा केस स्टडीचा. विषय एक, तालुका एक, भेटणारी माणसंही बरीचशी तीच. तरी कुणाला भेटायचं, काय विचारायचं, कधी थांबायचं आणि शेवटी हातात काय यायला हवं, हे सगळं तिघांचं वेगळं होतं.

ग्राउंडेड थिअरीचा जन्म रुग्णालयात झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ आसपासच्या सहा रुग्णालयांमध्ये मरणासन्न रुग्णांभोवती काय घडतं याचा अभ्यास करत होते. जीन क्विंट ही नर्सिंग क्षेत्रातली संशोधक त्यांच्याबरोबर होती. तो काळ आठवायला हवा. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतले सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णाला निदान न सांगण्याच्या बाजूचे निघाले. आपल्याकडे ‘पेशंटला काही सांगू नका हं’ असं डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून सांगणारे नातेवाईक आजही घरोघर आहेत, त्यामुळे हे चित्र मराठी वाचकाला परकं वाटू नये.

दोघांनी वॉर्डात दिवसचे दिवस काढले आणि रुग्णाला आपल्या मरणाबद्दल काय ठाऊक आहे यावरून चार परिस्थिती वेगळ्या काढल्या. एकीत रुग्णाला काहीच माहीत नसतं, बाकी सगळ्यांना असतं. दुसरीत रुग्णाला संशय येतो आणि तो खोदून खोदून विचारत राहतो. तिसरीत दोन्ही बाजूंना माहीत असतं, पण दोघंही माहीत नसल्याचं नाटक वठवतात. बोलणं जेवणाखाण्यावर, हवापाण्यावर ठेवलं जातं आणि कुणाच्या तोंडून चुकून काही निसटलंच, तर ऐकलंच नाही असं दाखवलं जातं. चौथीत सगळं उघड असतं. १९६५ साली आलेल्या ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ या पुस्तकाचा हा गाभा.

हे नुसतं वर्गीकरण असतं, तर त्याची एवढी दखल घेतली गेली नसती. पहिली परिस्थिती टिकून कशामुळे राहते आणि मोडते कधी, हेही त्यांनी दाखवलं. सामान्य रुग्णाला मरणाची लक्षणं ओळखण्याचा सराव नसतो. डॉक्टर सांगत नाहीत आणि घरचे गुपित सांभाळतात. रुग्णाची कागदपत्रं खाटेपासून दूर ठेवलेली असतात आणि त्याच्याबद्दलचं बोलणं त्याच्या कानावर पडणार नाही अशा जागी होतं. शिवाय त्या साऱ्या इमारतीत खरं सांगेल असं त्याच्या बाजूचं कुणीही नसतं. यातला एकेक खांब निखळला की गुपित डळमळतं. अमुक अटी असतील तर अमुक घडतं, आणि अटी बदलल्या की पुढचं वळण असं येतं, अशा स्वरूपाचं उत्तर मिळालं तर त्याला या पद्धतीत सिद्धांत म्हणतात.

पण इथवर ते पोचले कसे? १९६७ साली त्यांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ ग्राउंडेड थिअरी’ या पुस्तकात आपली रीत उलगडून सांगितली. कोणकोणत्या वॉर्डात जायचं याची पूर्ण यादी त्यांनी आधी केलेली नव्हती. सुरुवातीला ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या विभागात गेले, कारण तिथे रुग्णाला स्वतःच्या मरणाची जाणीव असण्याचा प्रश्नच नव्हता. मग मरण झपाट्याने येतं आणि सगळ्यांना अपेक्षित असतं, अशा अतिदक्षता विभागात. त्यानंतर कर्करोगाच्या वॉर्डात. तिथे कर्मचाऱ्यांना कल्पना असते, रुग्णाला असेल वा नसेल, पण मरण सावकाश येतं. पुढे अपघात विभाग, पुढे मुलांचा विभाग. आधीच्या ठिकाणी जे हाती आलं, त्यातून जो प्रश्न उभा राहिला, तो तपासायला पुढचं ठिकाण निवडलं गेलं. या निवडीला सैद्धांतिक नमुना निवड म्हणतात, आणि ग्राउंडेड थिअरीचा कणा तोच आहे.

बीडच्या पहिल्या विद्यार्थिनीने हेच केलं तर काय दिसेल? ती आधी ऑपरेशन झालेल्या दोन-तीन बायकांशी बोलेल. प्रत्येक मुलाखत झाली की ती लगेच उतरवून काढेल, वाक्यावाक्याशी थांबून ‘इथे काय घडतंय’ असं विचारेल आणि शेजारी एक छोटं शीर्षक लिहील. ही शीर्षकं शक्यतो क्रियेची असावीत: ‘खाड्याचा हिशेब मांडणं’, ‘कॅन्सरची भीती घेऊन दवाखान्यातून परतणं’, ‘जावेचं उदाहरण देणं’. यालाच कोडिंग म्हणतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामाचा दिवस बुडाला की खाडा पडतो. पाळीच्या त्रासाबद्दल बोलताना बायका पुन्हा पुन्हा खाड्याकडे वळत असतील, तर विद्यार्थिनीला तिथे टिपण लिहावंसं वाटेल: त्रास आणि खाडा यांची सांगड नेमकी कोण घालतं? स्वतः बाई, नवरा, की मुकादम?

हा प्रश्न तिला पुढच्या माणसाकडे नेईल. ज्यांना असाच त्रास होता तरी ज्यांनी पिशवी काढली नाही अशा बायका आता शोधायला हव्यात. त्यांना कशाने अडवलं, किंवा कशाने तारलं? मग ज्या घरातून कुणीच ऊसतोडीला जात नाही, तरी ऑपरेशन झालंय, अशी बाई. कारण ती भेटली, तर खाड्याचा धागा एकटा पुरेसा नाही हे उघड होईल. मग मुकादम, मग सासू, मग तालुक्याच्या गावातला डॉक्टर. प्रत्येक नवी मुलाखत आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहिली जाते. नवी माणसं भेटूनही निर्णयाच्या वाटेचा नवा टप्पा किंवा नवी अट पुढे येईनाशी झाली, की थांबायचं. तो आकडा अठरा असेल किंवा पस्तीस. आधीच सांगता येत नाही, आणि आराखड्यात ‘वीस’ लिहायला लावणाऱ्या समित्यांशी विद्यार्थ्यांचे खटके इथेच उडतात. अंदाज म्हणून आकडा द्यावा, पण शेजारी ‘विश्लेषणानुसार बदलेल’ असं स्पष्ट लिहावं, हा त्यातला सरळ मार्ग.

ग्राउंडेड थिअरीचं नाव घेऊन केलेली कितीतरी कामं प्रत्यक्षात ग्राउंडेड थिअरी नसतात, आणि हे ओळखणं अवघड नाही. पहिल्या मुलाखतीची प्रश्नावली आणि शेवटच्या मुलाखतीची प्रश्नावली शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही अगदी सारख्या असतील, तर मधल्या काळात संशोधक काही शिकला नाही, किंवा सगळ्या मुलाखती उरकल्यावरच तो विश्लेषणाला बसला. दुसरी खूण निष्कर्षात असते. ‘आर्थिक कारणं, कौटुंबिक कारणं, वैद्यकीय कारणं’ अशी यादी हाती आली आणि त्यांचा एकमेकांशी संबंध, क्रम, अटी काहीच नसेल, तर ते विषयवार वर्गीकरण आहे. वर्गीकरणाचाही उपयोग होतो, फक्त त्याला सिद्धांत म्हणू नये.

पुढे ग्लेझर आणि स्ट्रॉस यांचंच बिनसलं. स्ट्रॉस यांनी १९९० साली ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली. असे साचे वापरले तर सिद्धांत माहितीतून वर येत नाही, तो तिच्यावर लादला जातो, असा आक्षेप ग्लेझर यांनी १९९२ साली अख्खं पुस्तक लिहून घेतला. या दोघांच्याच हाताखाली शिकलेल्या कॅथी शारमॅझ यांनी नंतर तिसरी भूमिका घेतली, की सिद्धांत सापडत नसतो, संशोधक आणि बोलणारी माणसं मिळून तो रचतात. विद्यार्थ्याने यांपैकी कुणाचं बोट धरलंय ते सांगावं. तिघांना एकाच परिच्छेदात कोंबू नये.

दुसरीचा प्रश्न पुन्हा वाचला, की फरक लक्षात येतो. निर्णय कसा झाला, कुणी दबाव आणला, हे तिला शोधायचं नाही. अनुभव आतून कसा असतो, एवढंच तिला हवं आहे. फेनॉमेनॉलॉजीची मुळं तत्त्वज्ञानात आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांनी असा आग्रह धरला, की एखादी गोष्ट आपल्या जाणिवेला जशी दिसते तशी आधी वर्णन करा. तिच्यामागचं कारण, तिचं शास्त्रीय स्पष्टीकरण, तिच्याबद्दलची आपली मतं काही काळ बाजूला ठेवा. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात अमेडिओ जॉर्जी यांनी या विचाराला मानसशास्त्रातल्या संशोधनाची रीत बनवलं.

जॉर्जी यांनी १९७५ साली मांडलेलं एक उदाहरण फार साधं आहे, आणि म्हणूनच शिकवायला उत्तम. ‘शिकणं’ हा अनुभव कसा असतो, हे त्यांना पाहायचं होतं. एका स्त्रीने सांगितलेली हकिकत अशी: घरसजावटीतलं कळणाऱ्या तिच्या मैत्रिणीने तिला सांगितलं, की खोलीत उभ्या आणि आडव्या रेषा किती आहेत हे आपल्या सहसा लक्षात येत नाही, पण जाणत्या माणसाला त्यांचा तोल बिघडलेला जाणवतो. ही घरी गेली आणि आपल्या दिवाणखान्यातल्या रेषा मोजू लागली. भिंतीतून पुढे आलेला एक भाग तिला आजवर नुसता उंचवटा वाटत होता. आज तो उभी रेषा म्हणून दिसला. आडव्या रेषा फार झाल्यात हे तिला उमगलं. तिने सामान हलवलं, काही शोभेच्या वस्तू काढून टाकल्या आणि खोली तिला वेगळीच दिसू लागली. काही तासांनी नवरा घरी आला. सामान हलवलंय एवढं त्याला दिसलं, पण रेषांचा बदललेला तोल काही त्याला सांगता आला नाही. आणि आपण काहीतरी शिकलो, हे तिला तेव्हा जाणवलं.

यावर जॉर्जी यांनी केलेलं काम चार पायऱ्यांचं. आधी सगळी हकिकत अथपासून इतिपर्यंत वाचायची, म्हणजे तिचा एकूण सूर कळतो. मग अर्थ जिथे जिथे वळण घेतो तिथे तिथे रेघ मारून तुकडे पाडायचे. मग प्रत्येक तुकड्यात त्या अनुभवाविषयी मानसिकदृष्ट्या काय सांगितलं गेलंय, ते संशोधकाच्या भाषेत लिहायचं. शेवटी सगळ्या तुकड्यांमधून अनुभवाची घडण काढायची. या हकिकतीतून निघतं ते असं, की शिकणं हे एकट्याच्या डोक्यात होत नाही. दुसऱ्या माणसामुळे ओळखीच्याच जागेत काहीतरी नव्याने दिसू लागतं, मग त्या नव्या नजरेने हात चालतात, आणि आपण पाहतोय ते दुसऱ्याला दिसत नाही हे कळलं, की आपलं शिकणं आपल्याला ठसतं. कोणत्या मैत्रिणीने, कोणत्या शहरात, हे सारं गळून जातं. हे घटक काढले तर तो अनुभव ‘शिकणं’ राहत नाही, एवढंच मागे उरतं.

बीडच्या दुसऱ्या विद्यार्थिनीने मुकादमाला किंवा डॉक्टरला भेटायचं काही कारण नाही. तो अनुभव त्यांचा नाही. ज्यांची पिशवी काढली गेलीय आणि ज्या त्यानंतर हंगामाला गेल्या आहेत, अशाच बायका तिला हव्यात, आणि थोड्याच. जॉर्जी किमान तीन माणसं सुचवत. सहा-आठ बायका सविस्तर बोलल्या, तर विश्लेषणाला महिनोन्महिने पुरतात. खरी कसोटी प्रश्न विचारण्यात आहे. ‘पिशवी काढल्यावर तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ किंवा ‘कंबर दुखते’ एवढंच उत्तर येतं. ‘बायका पिशवी का काढतात असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न तर सरळ मत मागतो, आणि मताला इथे जागा नाही. त्याऐवजी तिने एका ठरावीक वेळेवर बोट ठेवावं: ‘ऑपरेशननंतरच्या पहिल्या हंगामात पहिल्यांदा मोळी डोक्यावर घेतलीत, ती सकाळ मला सगळी सांगा.’ मग थांबावं. बाई कोपीतून निघाल्यापासून सांगू लागली, तर सांगू द्यावं. मध्ये विचारायचंच झालं, तर ‘तेव्हा काय झालं?’, ‘अंगात काय जाणवलं?’ एवढंच.

या विद्यार्थिनीपुढची सर्वांत मोठी अडचण तिच्या स्वतःच्या मनात असते. तिने बातम्या वाचल्यात, तिला चीड आहे, आणि ती चीड रास्तच आहे. पण ‘ही बाई शोषणाची बळी आहे’ हे ठरवूनच ती समोर बसली, तर एखादी बाई ‘सुटले एकदाची’ म्हणाली की ते वाक्य तिला ऐकूच येणार नाही, किंवा ती त्याला ‘अज्ञान’ असं लेबल लावून मोकळी होईल. म्हणून मुलाखतींना जाण्याआधी आपल्या सगळ्या समजुती लिहून काढायच्या, आणि विश्लेषण करताना ते पान समोर ठेवायचं. समजुती नाहीशा होत नाहीत. त्या कुठे लुडबुडतायत तेवढं दिसतं. हायडेगरच्या वाटेने जाणारे संशोधक तर म्हणतात, की त्या बाजूला ठेवणं शक्यच नाही, उलट त्यांच्यासह अर्थ लावावा लागतो. मॅक्स व्हॅन मॅनन यांची पद्धत आणि जोनाथन स्मिथ यांनी १९९०च्या दशकात मांडलेली अर्थनिर्णयावर भर देणारी पद्धत याच बाजूच्या आहेत.

चुकलेली फेनॉमेनॉलॉजी दोन गोष्टींवरून पकडता येते. निष्कर्षात ‘आठपैकी सहा महिलांनी सांगितलं’ अशी मोजणी सुरू झाली, की समजावं, गाडी सर्वेक्षणाच्या रस्त्याला लागली. आणि अनुभवाच्या वर्णनाऐवजी कारणं येऊ लागली, गरिबीमुळे, मुकादमामुळे, तर प्रश्न पहिलीचा होता आणि पद्धत दुसरीची घेतली गेली. ही दुसरी गफलत फार आढळते, कारण ‘लिव्हड एक्सपिरियन्स’ हे शब्द शीर्षकात छान दिसतात.

तिसऱ्याकडे एका तालुक्याचा आणि एका नियमाचा प्रश्न आहे. इथे अनेकांचा पहिला आक्षेप ठरलेला: एकाच तालुक्यावरून काय सिद्ध होणार? याचं उत्तर डायेन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या कामात पाहावं.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी कड्यांनी थंडीत दगा दिला होता. आदल्या रात्रीच्या दूरध्वनी बैठकीत रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी या थंडीत उड्डाण नको असं सांगितलंही होतं. शेवटी कंपनीच्या व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरवला. वेळापत्रकाच्या दबावाखाली व्यवस्थापकांनी जाणूनबुजून नियम मोडले, हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटलं. व्हॉन यांनीही सुरुवात त्याच समजुतीने केली. पुराव्यादाखल त्यांच्यासमोर नासाची कागदपत्रं होती, त्यांत उड्डाणावरचं बंधन ‘शिथिल’ केल्याच्या नोंदी होत्या. हाच नियमभंग, असं त्यांना वाटलं. पण नासाचे नियम मुळातून वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बंधन असं शिथिल करणं हीसुद्धा नियमात बसणारी, ठरलेली कार्यपद्धती होती. कुणीही नियम मोडला नव्हता.

मग त्यांना दुसरं स्पष्टीकरण शोधावं लागलं. लाखाहून अधिक पानांची कागदपत्रं, चौकशी आयोगापुढच्या साक्षी आणि स्वतः घेतलेल्या मुलाखती त्यांनी तारखांच्या क्रमाने लावल्या. १९८१ मधल्या दुसऱ्याच उड्डाणात कडं झिजलेलं दिसलं होतं. तपासणी झाली, धोका मर्यादेत आहे असं ठरलं, पुढचं उड्डाण सुखरूप पार पडलं. पुन्हा झीज, पुन्हा तपासणी, पुन्हा तोच निष्कर्ष. प्रत्येक पावलाला कागदोपत्री आधार होता, आणि जे सुरुवातीला धोक्याचं चिन्ह होतं ते हळूहळू नेहमीचं झालं. १९९६ सालच्या आपल्या पुस्तकात व्हॉन यांनी याला विचलनाचं सामान्यीकरण म्हटलं.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान परतताना नष्ट झालं. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून पंखावर आदळला होता. फोम निसटणं आधीच्या उड्डाणांतही वारंवार घडलेलं होतं आणि तो दुरुस्तीचा नेहमीचा विषय मानला जाऊ लागला होता. चौकशी मंडळाने व्हॉन यांना साक्षीला बोलावलं, आणि अहवालात चॅलेंजरच्या वेळचीच घडण पुन्हा दिसल्याची नोंद झाली. एका केसवरून व्हॉन यांनी ‘इतके टक्के अपघात असे होतात’ असं म्हटलंच नव्हतं. एक यंत्रणा त्यांनी उघडी केली, आणि ती दुसरीकडे ओळखता आली. केस स्टडीचा निष्कर्ष एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो या अर्थाने. अभ्यासक रॉबर्ट यिन यांनी १९८४ पासूनच्या आपल्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमधून हाच मुद्दा लावून धरला आहे.

आपल्या तिसऱ्या विद्यार्थ्याला व्हॉन यांच्याकडून दोन कामं थेट उचलता येतील. पहिलं, केसची हद्द आखणं. ‘बीडमधल्या महिलांचं आरोग्य’ ही केस नव्हे, तो विषय झाला. अमुक तालुका, अमुक आदेश, आदेश निघाल्यापासून पुढचे तीन हंगाम, ही केस. हद्द आखली की काय गोळा करायचं हे आपोआप ठरतं: परवानगीचे अर्ज आणि त्यांवरचे शेरे, दवाखान्यांची शस्त्रक्रियांची नोंदवही, जिल्हा रुग्णालयातल्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती, डॉक्टर, आशा कार्यकर्त्या, बायका, आणि अर्ज घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलेल्या एखादीबरोबर प्रत्यक्ष केलेला एसटीचा प्रवास. एकच माहिती निरनिराळ्या वाटांनी येते तेव्हा त्या जुळतात का, आणि जिथे जुळत नाहीत तिथे का, हे पाहायचं. नुसत्या वीस मुलाखतींवर उभी असलेली केस स्टडी म्हणूनच लंगडी असते.

दुसरं काम अधिक कसाचं: उलटं स्पष्टीकरण स्वतःच शोधणं. समजा, तालुक्याच्या नोंदवहीत आदेशानंतर शस्त्रक्रिया घटलेल्या दिसल्या. नियमामुळे घटल्या, असं म्हणण्याचा मोह होईलच. पण बायका शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात जाऊ लागल्या असतील तर? किंवा माध्यमांच्या गाजावाजामुळे डॉक्टरच वर्षभर सावध राहिले असतील तर? पहिल्या शक्यतेसाठी हद्दीपलीकडच्या दोन-तीन दवाखान्यांची नोंद पाहावी लागेल. दुसऱ्या शक्यतेसाठी तिन्ही हंगाम वेगवेगळे मोजावे लागतील. घट पहिल्याच वर्षात येऊन विरली असेल, तर श्रेय नियमाला देता येत नाही. ज्या केस स्टडीत अशी एकही पर्यायी शक्यता तपासलेली नाही, ती बहुतेक वेळा नुसती हकिकत असते. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डमध्ये २०१० साली तयार झालेल्या केससारख्या वर्गात चर्चेसाठी लिहिलेल्या केसेस हा आणखी निराळा प्रकार. त्या विद्यार्थ्यांनी विचार करावा म्हणून रचलेल्या असतात, पुरावा तपासायला नव्हे, आणि त्यांचा साचा प्रबंधाला चालत नाही.

या तीन वाटांमधली कुंपणं सारखी उंच नाहीत. केस स्टडीच्या पोटात ग्राउंडेड थिअरीचं कोडिंग बसू शकतं, कारण केस स्टडी हद्द आणि पुरावे ठरवते, विश्लेषणाची एकच रीत लादत नाही. फेनॉमेनॉलॉजी आणि ग्राउंडेड थिअरी मात्र एकाच मुलाखतीत सुखाने नांदत नाहीत. एकीला तुलना आणि अटी हव्यात, दुसरीला एका अनुभवाशी थांबायचंय.

प्रत्यक्ष कामात प्रश्न वाटेत बदलतोही. दुसरीने पाच मुलाखती घेतल्या आणि पाचही बायका अंगाच्या अनुभवापेक्षा ‘तेव्हा कोण काय म्हणालं’ हेच सांगत राहिल्या, तर आपली प्रश्न विचारण्याची पद्धत आधी तपासावी. ती नीट असूनही असंच होत असेल, तर त्या बायकांच्या लेखी महत्त्वाची गोष्ट निर्णयाची आहे. मग मार्गदर्शकाशी बोलून ग्राउंडेड थिअरीकडे वळावं आणि नैतिकता समितीकडे सुधारित आराखडा पाठवावा. संमतिपत्र परवानगी देत असेल, तर त्या पाच मुलाखती नव्या अभ्यासाची सुरुवात म्हणून चालतात. उलट दिशेने जाणं कठीण. निर्णयाची गोष्ट विचारत घेतलेल्या मुलाखतींमध्ये मोळी उचलतानाच्या सकाळचं वर्णन नसतंच, त्यासाठी त्याच बायकांना पुन्हा भेटावं लागतं. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्यांचा हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलच्या सुमाराला गावी परततात. त्यामुळे हे वळण डिसेंबरात सुचलं, तर विद्यार्थिनीला एक तर फडावर जाऊन, मुकादमाच्या नजरेसमोर या मुलाखती घ्याव्या लागतील, किंवा उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. अशा विषयावर मोकळेपणाने बोलणं घरीच शक्य आहे, म्हणून प्रबंधाची मुदत वाढवून मागावी लागली तरी उन्हाळ्यापर्यंत थांबणंच बरं.